फोन देताना ॲप पिन केलं की झालं का?

*दादा, माझा मुलगा सव्वापाच वर्षांचा आहे. मिस्टर हैदराबादला असतात, रोज रात्री व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल होतो. कॉल चालू असतानाच हा बाहेर येऊन गॅलरी काय, यूट्यूब काय, सगळं उघडत बसतो आणि परवा तर माझा घरातल्या अवतारातला फोटो त्याच्या शाळेच्या ग्रुपवर गेला. शिवाय मी रोज एसटीने ये-जा करते, स्टँडवर कोणीतरी 'ताई एक फोन लावू का' म्हणतं आणि मला नाही म्हणवत नाही. नणंद म्हणाली फोनमध्ये एकच ॲप पिन करून ठेवायची सोय असते. ती कशी करायची? आणि केली की दोन्हीकडे फोन बिनधास्त देता येईल का? फोन सॅमसंगचा आहे, पॅटर्न लॉक आहे. — एक आई, वाई*

ताई, नणंदेने सांगितलं ते खरं आहे, सोय आहे, फुकट आहे, तुमच्या फोनमध्ये आधीपासूनच आहे. अँड्रॉइडमध्ये ती 2014 च्या पाचव्या व्हर्जनपासून आहे, फक्त सेटिंगमध्ये इतकी आत ठेवलीय की बहुतेकांना ती कधी दिसतच नाही. पण दोन्हीकडे चालेल का, तर नाही. मुलासाठी चालेल, तीही थोडी तयारी करून. स्टँडवरच्या माणसासाठी जवळजवळ निरुपयोगी आहे, आणि का ते खाली सांगतो कारण ते कळलं की बाकीचं आपोआप कळतं.

पिन केलं म्हणजे काय होतं, तर माणूस त्या एका ॲपच्या बाहेर जाऊ शकत नाही. होमला जाता येत नाही, दुसऱ्या ॲपवर उडी मारता येत नाही, वरून बोट ओढून वायफाय बंद करणं किंवा विमान मोड लावणं होत नाही (कॉल मधेच कट होतो तेव्हा निम्म्या वेळा पोरांनी हेच केलेलं असतं). वर येणारे मेसेजही दिसत नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपी आला तरी तो स्क्रीनवर झळकत नाही. हे सगळं चांगलंच. पण त्या ॲपच्या आत जे काही आहे ते सगळं उघडंच राहतं. खोलीला बाहेरून कडी लावलीय पण खोलीतली कपाटं सताड उघडी, असं समजा. त्यामुळे पिन करायच्या आधी प्रश्न एवढाच विचारायचा की ह्या ॲपच्या आत काय काय आहे.

आता आधी सेटिंग चालू करू. सॅमसंगवर Settings उघडा, Security and privacy मध्ये जा, खाली More security settings असेल, त्यात Pin app. जुन्या सॅमसंगवर हेच Biometrics and security मध्ये Other security settings आणि मग Pin windows अशा नावाने असतं. नाहीच सापडलं तर सेटिंगच्या वर जे भिंग असतं त्यात pin टाईप करा, बहुतेक वेळा समोर येतं, आणि घरातले बाकीचे फोन दुसऱ्या कंपनीचे असतील तर त्यांनाही हाच उपाय, कारण प्रत्येक कंपनीने हे वेगळ्याच कोपऱ्यात ठेवलंय आणि नावही कधी App pinning असतं तर कधी Screen pinning.

चालू केल्यावर लगेच बाहेर येऊ नका. त्याच पानावर अजून एक बटण असतं, Ask for PIN before unpinning असं काहीतरी, तुमच्याकडे पॅटर्न आहे म्हणून तिथे pattern लिहिलेलं दिसेल. ते चालू करायचंच. बरेच जण इथेच चुकतात, पहिलं बटण दाबून खूश होतात आणि दुसरं तसंच राहतं. ते बंद असेल तर पिन काढायला फक्त खालून बोट वर ओढून धरून ठेवायचं, की लगेच होम स्क्रीन, काही विचारणा नाही, आणि पाच वर्षांच्या पोराला ते सापडायला फार तर एक संध्याकाळ लागते. बटण चालू असेल तर पिन काढताक्षणी फोन लॉक होतो आणि लॉक उघडल्याशिवाय पुढे काही नाही.

आणि हो, पॅटर्न. खरं सांगा, पोराला तो येतो ना? ह्या वयाची मुलं मांडीवर बसून रोज बघतात, बोट कसं फिरतं ते त्यांना आपल्यापेक्षा पक्कं पाठ असतं. त्यामुळे पॅटर्न काढा आणि सहा आकड्यांचा पिन लावा, वाढदिवस नको, गाडीचा नंबर नको. मधल्या काळात कधी गंमत म्हणून त्याचं बोट फिंगरप्रिंटमध्ये घातलं असेल तर तेही काढा. नवीन पिन मात्र नीट लक्षात ठेवा, कारण पिन केलेलं ॲप सोडवताना फोन कधी कधी बोट घेत नाही, आकडेच मागतो, आणि रोज फक्त बोटाने उघडायची सवय असलेल्यांची तिथे गडबड होते.

आता रात्रीचा कॉल. समजा नऊ वाजता मिस्टरांचा फोन यायचा असतो. तो येऊ द्या, तुम्ही उचला, दोन मिनिटं बोला, चित्र नीट दिसतंय ना बघा. मग खालचं रीसेंटचं बटण दाबा, म्हणजे ते तीन उभ्या रेघांचं, किंवा खाली बटणं नसतील तर खालून बोट अर्ध्यापर्यंत ओढून थांबवा. उघडी असलेली ॲप्स कार्डासारखी दिसतील. व्हॉट्सॲपच्या कार्डाच्या वर त्याचं छोटं गोल चिन्ह असतं, कार्डावर नाही, त्या चिन्हावर टॅप करायचं. एक छोटी यादी उघडते, त्यात Pin this app. ते दाबा, फोन एक सूचना दाखवेल, मान्य करा, झालं. आता फोन मुलाकडे द्या.

इथे एक खोच आहे. व्हॉट्सॲपचा कॉल चालू असताना कार्डावर गेलं की कॉल छोट्या चौकटीत जातो आणि पिन केल्यावर कधी चॅटचं पान समोर येतं, कॉल त्याच्या वर बारीक पट्टीत असतो, तिथे टॅप करून कॉल परत मोठा करायचा. तसं न जमलं तर उलटा क्रम करून बघा, आधी मिस्टरांचं चॅट उघडून व्हॉट्सॲप पिन करा आणि मग तुम्हीच कॉल लावा. फोनच्या मॉडेलप्रमाणे आणि ॲपच्या अपडेटप्रमाणे ह्यात फरक पडतो, म्हणून हे रात्री नऊला पोरगं मांडीवर उड्या मारत असताना पहिल्यांदा करू नका. दुपारी नणंदेला कॉल लावून दोन्ही क्रम करून बघा आणि जो जमेल तोच ठेवा.

त्याच दुपारी अजून एक गोष्ट तपासा. व्हॉट्सॲप पिन करून ठेवा आणि नणंदेला सांगा की आता साधा फोन लाव, सिमवर. काही फोनवर असं होतं की रिंग वाजते पण स्क्रीनवर उचलायचं बटणच येत नाही, कारण वर येणाऱ्या सगळ्या सूचना पिनमुळे दाबलेल्या असतात. तुमच्या फोनवर तसं झालं तर निदान माहीत तरी असेल की त्या अर्ध्या तासात सासूबाईंचा किंवा ऑफिसचा फोन आला तर आधी पिन काढावी लागणार. काढायची पद्धत, खाली बटणं असतील तर बॅक आणि रीसेंट दोन्ही एकदम दाबून धरा, नसतील तर खालून बोट वर ओढून धरून ठेवा.

आता कपाटांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रॉब्लेम फोटो गेला हा आहे आणि तो नुसत्या पिनने सुटत नाही. तो फोटो शाळेच्या ग्रुपवर गेला तो बहुधा व्हॉट्सॲपमधूनच. मेसेज लिहायच्या जागी ती क्लिपची खूण असते ना, ती दाबली की फोनमधले सगळे फोटो व्हॉट्सॲपच्या आतच दिसतात, गॅलरी ॲप उघडावंच लागत नाही. म्हणजे पिन केलेलं असतानाही पोरगं कॉल छोटा करून, कुठलंही चॅट उघडून, क्लिप दाबून, फोटो पाठवू शकतं. पिनने तुमचं यूट्यूब थांबेल, यूपीआयची ॲप्स लांब राहतील, फोटो थांबणार नाही.

त्यावर दोन उपाय. पहिला, फोटोची परवानगी कमी करा. Settings मध्ये Apps, त्यात WhatsApp, मग Permissions, तिथे फोटो आणि व्हिडिओसमोर अँड्रॉइड 14 पासून निवडक फोटोंचीच परवानगी देता येते, जुन्या फोनवर सरळ परवानगी काढूनच टाकावी लागते. निवडक ठेवलं की क्लिप दाबल्यावर फक्त तुम्ही निवडलेले चार फोटो दिसतात, पोराने काय पाठवायचं ते पाठवू दे. त्रास एवढाच की तुम्हाला स्वतःला नवीन फोटो पाठवायचा झाला की तो आधी निवडीत टाकावा लागतो, आणि ह्याला कंटाळून लोक आठवड्याभरात सगळी परवानगी परत देऊन टाकतात, हेही मला दिसलंय.

दुसरा, ज्या चॅटवर काही चुकीचं जाणं परवडणार नाही ती लॉक करा. शाळेचा ग्रुप, ऑफिसचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप. चॅटवर बोट दाबून धरा, तीन ठिपक्यांत Lock chat येईल. 2023 मध्ये व्हॉट्सॲपने ही सोय आणली. लॉक केलेली चॅट यादीतून निघून वेगळ्या लपलेल्या फोल्डरमध्ये जाते आणि फिंगरप्रिंट किंवा फोनचा पिन दिल्याशिवाय उघडत नाही. मला विचाराल तर तुमच्यासाठी हाच उपाय जास्त टिकाऊ आहे, तीन ग्रुप एकदा लॉक केले की रोज काही करायला नको. फक्त त्या ग्रुपच्या नोटिफिकेशनमध्ये मजकूर दिसत नाही, शाळेची उद्या सुट्टी आहे हा मेसेज वाचायला आत जावं लागेल, एवढी किंमत आहे.

आणि ह्याच्याही पेक्षा सोपं म्हणजे पोराच्या कॉलसाठी वेगळंच ॲप ठेवा ज्याच्या आत काही नाहीच. गूगल मीट बघा, बऱ्याच फोनमध्ये आधीपासून असतं. मिस्टरांकडे आणि तुमच्याकडे दोघांकडे ते चालू केलं की रोजचा कॉल तिथे. त्यात तुमची चॅट नाहीत, ग्रुप नाहीत, स्टेटस नाही. कॉन्टॅक्टची यादी असते, त्यामुळे पोरगं फार तर तुमच्या आत्याबाईंना व्हिडिओ कॉल लावेल, तेवढं सहन करा. मीट पिन करून दिलं तर मात्र मी म्हणेन की बिनधास्त द्या.

अजून एक बारीक गोष्ट, पिन करताना फोन स्वतःच इशारा देतो की पिन केलेलं ॲप दुसरी ॲप उघडू शकतं. कोणी घाईत वाचत नाही. चॅटमधल्या एखाद्या लिंकवर बोट पडलं तर आतल्या आत काहीतरी उघडू शकतं, म्हणून पिन म्हणजे शंभर टक्के बंद असं धरू नका आणि यूपीआय ॲपचं स्वतःचं लॉक असतं ते चालूच ठेवा. पोराने पॉवर बटण दाबून स्क्रीन बंद केली तर घाबरू नका, उघडल्यावर फोन परत त्याच पिन केलेल्या ॲपवर येतो. पोरगं शांत बसलंय म्हणून हा दिवसभर फोन देऊन ठेवायचा परवाना नाही हे मी न सांगताही तुम्हाला कळतंय, पुढे जाऊ.

नणंदेकडे आयफोन असेल तर तिला सांगा की तिच्याकडे ह्याच कामाचं Guided Access आहे, सेटिंगमध्ये Accessibility च्या आत. चालू करायला बाजूचं बटण तीन वेळा पटापट दाबायचं. त्यात एक गोष्ट अँड्रॉइडपेक्षा सरस आहे, स्क्रीनवर बोटाने गोल काढून तेवढा भाग बंद करता येतो, म्हणजे कॉल कट करायचं लाल बटणच मेलेलं ठेवता येतं. ह्या एका गोष्टीसाठी मला आयफोनवाल्या आयांचा हेवा वाटतो.

आता स्टँड.

अनोळखी माणसाला फोन लावायला द्यायचा म्हणजे कुठलं ॲप पिन करणार? फोनचं, डायलरचं. आणि त्या डायलरच्या आत काय आहे, तुमचे सगळे कॉन्टॅक्ट, तुम्ही आज कोणाकोणाशी बोललात त्याची यादी, आणि आकडे दाबायचा पॅड. ह्यातला पॅडच जास्त धोक्याचा आहे. शिवाय अडचण ही की बऱ्याच फोनवर कॉल चालू असतानाची स्क्रीन रीसेंटच्या कार्डांत दिसतच नाही, त्यामुळे आधी कॉल लावून मग फक्त ती स्क्रीन पिन करू म्हटलं तर तेही जमत नाही.

पॅडचा धोका असा. मोबाईल नेटवर्कमध्ये कॉल दुसऱ्या नंबरवर वळवायचे कोड असतात. `**21*` लिहून पुढे एखादा नंबर आणि शेवटी `#` दाबून कॉल केला की तुमच्याकडे येणारे सगळे कॉल त्या नंबरवर जायला लागतात. आपल्याकडे `*401*` ने सुरू होणारा कोडही ह्याच कामाला वापरला जायचा. ह्याने फसवणूक इतकी वाढली की दूरसंचार विभागाने 15 एप्रिल 2024 पासून `*401#` प्रकारची कोडवरून कॉल फॉरवर्ड करायची सेवा बंद ठेवायला कंपन्यांना सांगितलं. पण म्हणून सगळे कोड सगळीकडे मेले असं धरून फोन हातात देऊ नका.

समजा स्टँडवर एकाने तुमचा फोन घेतला, 'भावाला लावतो' म्हणत पंधरा-वीस सेकंद काहीतरी दाबलं, कानाला लावला, 'उचलत नाही' म्हणून परत दिला आणि थँक्यू म्हणून गेला. तुमचा फोन सगळा जागेवर, पैसे जागेवर. पण कॉल त्याच्याकडे वळलेले. आता तो त्याच्या फोनवर व्हॉट्सॲप टाकतो, तुमचा नंबर देतो, मेसेजवर कोड नको, कॉल करून सांगा असं निवडतो. व्हॉट्सॲपचा कोड सांगणारा कॉल तुमच्या नंबरवर येतो आणि वळून त्याच्याकडे जातो. सहा आकडे टाकले की तुमचं व्हॉट्सॲप त्याच्या हातात आणि मग तुमच्या माहेरच्यांना 'अर्जंट पंधरा हजार पाठव' चालू. ह्यात त्याने डायलर सोडून कुठलंच ॲप उघडलेलं नाही, म्हणजे तुम्ही डायलर पिन करून दिला असता तरी अगदी हेच झालं असतं.

म्हणून तिथे पिनबिन काही नाही, फोन द्यायचाच नाही आणि तरी मदत करायची. 'नंबर सांगा, मी लावते' म्हणा. दहा आकडे तुम्ही दाबा, पुढे मागे चांदणी किंवा हॅश सांगितलं तर तिथेच थांबा. कॉल लागला की स्पीकरवर टाका, फोन तुमच्या हातात, बोलू दे त्यांना. बोलणं संपलं की तुम्ही कट करा. खरी गरज असलेल्या माणसाला ह्यात काही अडत नाही, म्हातारी बाई असेल तर उलट तिला आकडे दाबायचा त्रास वाचतो. जो 'नाही नाही, मलाच लावू द्या, खाजगी आहे' करतो त्याला तिकीट खिडकीकडे पाठवा. तुम्हाला नाही म्हणवत नाही ना, मग हे नाही म्हणणं नाहीच. आणि कोणाला पोलीस किंवा अँब्युलन्स हवी असेल तर फोन अनलॉक करायचीही गरज नाही, लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सीतून 112 लागतो.

आजवर स्टँडवर किती जणांना फोन दिलाय ते तुम्हालाच माहीत, त्यामुळे आज हे तपासून घ्या. डायलरवर हे टाकून कॉल करा:

```
*#21#
```

स्क्रीनवर कॉल फॉरवर्ड चालू आहे की नाही ते येईल. Not forwarded किंवा Disabled अशा अर्थाचं काही आलं तर ठीक. एखादा अनोळखी नंबर दिसला तर हे टाका, ह्याने सगळ्या प्रकारचं फॉरवर्डिंग निघतं:

```
##002#
```

दोन सिम असतील तर दोन्हीवरून वेगवेगळं करायचं, एकावर केलं म्हणून दुसऱ्यावर होत नाही. कोड चालला नाही तर डायलरच्या तीन ठिपक्यांत Settings, मग Supplementary services मध्ये Call forwarding असतं, तिथून बघा. मिस्ड कॉलच्या सोयीमुळे 'फोन बंद असताना' किंवा 'बिझी असताना' ह्यासमोर कंपनीचाच नंबर आधीपासून असू शकतो, त्याला घाबरायचं कारण नाही, Always forward समोर नंबर असेल तर मात्र लगेच काढा.

आणि व्हॉट्सॲपमध्ये Settings, Account, Two-step verification मध्ये जाऊन सहा आकडी पिन लावा, फोनच्या पिनपेक्षा वेगळा. मग कोड कोणाकडे गेला तरी ह्या पिनशिवाय तुमचं खातं दुसऱ्या फोनवर लगेच चालू होत नाही. मिस्टरांच्या फोनवरही हेच करायला सांगा, हैदराबादच्या स्टेशनवरही लोक फोन मागतातच.